आठवड्याला किती?

महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, नाव बदललं तरी, अजून लागू आहे. बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण असावं लागतं, आणि वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून मिळतो. या परवान्याच्या छापील नमुन्यात दारू पिण्याचं कारणही आधीच छापलेलं असतं. ते वाचलं की हसू येतं, कारण तिथे आरोग्य राखण्यासाठी असं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्याच्याकडे परवाना आहे तो माणूस कागदोपत्री मजेसाठी किंवा सवयीनं पीत नाही, तब्येतीसाठी पितो.

आता तोच माणूस डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसलेला पाहा. ‘ड्रिंक्स वगैरे?’ असं त्यांनी विचारलं की तो म्हणतो, ‘नाही, म्हणजे कधीतरी.’ सरकारला तो सांगतो की तब्येतीसाठी घेतो, आणि तब्येत ज्यांच्या हाती द्यायची त्यांना सांगतो की घेतच नाही. दोन्ही विधानं एकाच विषयावरची आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. पहिल्यानं कोणाचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्यानं मात्र बिघडतं, आणि मला इथे त्या दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे. डॉक्टरांना खरं सांगावं, हे सगळेच मान्य करतात. पण खरं सांगणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, हे मला मामेभावाच्या एका निरोपामुळे कळलं. त्याच्या संमतीनं आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहितो.

दादा धुळ्याला, देवपुरात राहतो. वय ३४. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याचं बीपी १५०/९६ निघालं आणि यकृताच्या तपासण्यांत एसजीपीटी आणि जीजीटी हे दोन आकडे वाढलेले दिसले. घरचे जुने डॉक्टर वयोमानानं दवाखाना बंद करून बसले होते. म्हणून त्यानं दुसऱ्या एका फॅमिली डॉक्टर मॅडमची वेळ घेतली. पहिली भेट म्हणून दवाखान्यातून सांगण्यात आलं, की आधीचे आजार, चालू औषधं आणि सवयी थोडक्यात कळवून ठेवा. दादानं लिहिलेला मजकूर मला जळगावला पाठवला आणि विचारलं, बरा आहे का? मी सॉफ्टवेअरवाला, वैद्यकातलं मला काही कळत नाही, पण घरात लिहिण्याची कामं माझ्याकडे येतात. मजकुरातलं सवयींबद्दलचं वाक्य असं होतं: ‘वीकेंडला कधीतरी थोडी ड्रिंक्स घेतो. सवय नाही.’

या वाक्यात खोटं काय आहे ते शोधायला गेलं तर काही सापडत नाही. वीकेंडला तो घेतोच. ‘कधीतरी’ आणि ‘थोडी’ या शब्दांना माप नसतं, त्यामुळे ते खोटे ठरूच शकत नाहीत. ‘सवय’ कशाला म्हणायचं, हे बोलणाऱ्याच्या हातात आहे. महाभारतात धर्मराज अश्वत्थामा मेला म्हणतो आणि हत्ती की माणूस, हे ऐकू येणार नाही इतक्या हळू बोलतो. आपण त्याला अर्धसत्य म्हणतो. पण धर्मराजाला निदान ठाऊक होतं की मेला तो हत्ती. दादाच्या वाक्याची गंमत अशी की किती पितो हे त्यालाही माहीत नव्हतं. मापाचा शब्द टाळला की दुसऱ्यापासून लपवता येतं, आणि स्वतःलाही हिशेब करावा लागत नाही. म्हणून मी त्याला खरं सांग असं म्हटलं नाही. म्हटलं, आधी मोजू या.

यावर त्याचं पहिलं उत्तर आमच्या घरच्या अहिराणीत आलं: ‘डाक्टरले इतलं कसाले सांगानं?’ डॉक्टरांना इतकं कशाला सांगायचं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘खरं बोलणं चांगलं असतं’ हे नाही. बीपी वाढण्याची कारणं अनेक असतात: मीठ, वजन, झोप, अनुवंश, क्वचित मूत्रपिंडाचा आजार. दारू हे त्यांतलं एक नेहमीचं कारण आहे, आणि कमी केली की बऱ्याच जणांचं बीपी काही अंशी उतरतं. हे कारण झाकलेलं राहिलं तर डॉक्टर उरलेल्या कारणांवरून निर्णय घेणार, म्हणजे ३४व्या वर्षी रोजची गोळी सुरू होणार, आणि ती पुरेशी लागू पडली नाही की दुसरी. जीजीटीचंही तसंच. हा आकडा दारूनं वाढतो, तसा यकृतावर चरबी साठल्यानं किंवा काही औषधांनीही वाढतो, आणि बऱ्यापैकी पिणाऱ्या कितीतरी लोकांत तो वाढलेला नसतोही. म्हणजे रक्ताची तपासणी सगळं सांगून टाकेल, हा भरवसा चुकीचा आहे. डॉक्टरांना बाटलीशी बोलता येत नाही. तुमच्या तोंडून येईल तेवढंच त्यांच्या हाती लागतं, आणि त्यावर ते तुमच्याच शरीरात औषध घालणार असतात. आपण शेजाऱ्याशी खोटं बोललो तर शेजारी फसतो. इथे ज्याच्याशी खोटं बोलतो तो फक्त निमित्त असतो, आणि फसतो बोलणारा.

मोजायला बसलो. पहिली अडचण ‘पेग’ या शब्दाची. बारमध्ये लहान पेग ३० मिली आणि मोठा ६० मिली, हे ठरलेलं असतं. घरी स्टीलच्या पेल्यात ओतलेल्या दारूला असं माप नसतं. दादानं नेहमीसारखा पेग पाण्यानं भरला आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजला, तर तो ७५ मिली निघाला. दुसरी अडचण अशी की बिअर, व्हिस्की आणि देशी यांची बेरीज थेट करता येत नाही. त्यासाठी आतल्या शुद्ध अल्कोहोलचं वजन काढावं लागतं, आणि ते सोपं आहे. मिलीला लेबलवरच्या टक्केवारीनं गुणायचं आणि मग अल्कोहोलच्या घनतेनं, म्हणजे ०.७८९नं. आपल्याकडच्या व्हिस्कीवर साधारणपणे ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तर एका क्वार्टरचा हिशेब असा होतो:

१८० × ०.४२८ × ०.७८९ = ६०.८ ग्रॅम

जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक ‘ड्रिंक’ धरते. त्या हिशेबानं क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक, ३० मिलीचा लहान पेग म्हणजे एक, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार. ‘मी फक्त बिअर घेतो’ असं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन मोठे पेग.

मग दादानं आठवून आठवडा सांगितला. बुधवारी कामावरून येताना एक स्ट्राँग बिअर, ४१ ग्रॅम. शनिवारी मित्रांबरोबर एक क्वार्टर, ६१ ग्रॅम. रविवारी दुपारी घरी दोन पेग, म्हणजे आता मोजल्याप्रमाणे १५० मिली, ५१ ग्रॅम. एकूण १५३ ग्रॅम, सुमारे पंधरा ड्रिंक. ‘वीकेंडला थोडी’ या वाक्यात बुधवार नव्हताच, तो मोजताना आला. दादा म्हणाला, झालं, एवढंच आहे.

आमच्या कामात एक साधी रीत असते. एकच आकडा दोन वेगळ्या वाटांनी काढायचा आणि जुळतो का ते पाहायचं. पहिली वाट स्मरणाची झाली. दुसरी खरेदीची, आणि हल्ली दुकानातलं बिल बहुतेक फोनवरूनच भरलं जात असल्यामुळे ती फोनमध्ये लिहिलेली असते. शनिवारची क्वार्टर आणि बुधवारची बिअर बरोबर जुळली. घरची बाटली जुळेना. रविवारचे १५० मिली धरले तर ७५० मिलीची बाटली पाच आठवडे पुरायला हवी. प्रत्यक्षात १२ आठवड्यांत चार बाटल्या आणलेल्या होत्या, म्हणजे आठवड्याला २५० मिली. दर आठवड्याला १०० मिलीचा हिशेब लागत नव्हता. घरात दुसरं कोणी घेत नाही. पाहुणे? बारा आठवड्यांत एकदा, आणि तेही स्वतःची घेऊन आलेले.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘झोप नाही लागत ना, त्या दिवशी घेतो. पण ते पिणं नाही धरलं मी. ते झोपेसाठी.’ आठवड्यातून दोनदा, रात्री साडेबारा-एकला, सगळे झोपल्यावर, उभ्या-उभ्या, अंदाजे ५० मिली. पाणी न घालता.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं फळ ते १०० मिली आहे. ग्रॅममध्ये ते फक्त ३४, आणि त्यांनी एकूण बेरीज १५३वरून १८७वर जाते. आकडा फार बदलत नाही, चित्र मात्र पूर्ण बदलतं. शनिवारचं पिणं चारचौघांतलं आहे. मध्यरात्रीचं पिणं एकट्याचं आहे, काहीतरी दाबण्यासाठी आहे, आणि ते पिणाऱ्यानं स्वतःच्या हिशेबातही धरलेलं नाही. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते. मग दुसऱ्या दिवशीची मरगळ, आणि पुन्हा रात्री जाग. डॉक्टरांना या माणसाबद्दल एकच गोष्ट कळणार असेल तर ती ही कळायला हवी. आणि पहिल्या मजकुरात नेमकी हीच नव्हती. दादा ती लपवत होता असं नाही. त्याच्या मनातल्या ‘पिणं’ या शब्दात ती बसतच नव्हती.

आता मोजमापाचा पुढचा पेच. १८७ ग्रॅम म्हणजे जास्त की कमी? अमेरिकेत १४ ग्रॅमला एक ड्रिंक म्हणतात. तिथल्या मापानं हे साधारण तेरा ड्रिंक होतात, आणि पुरुषांसाठी आठवड्याला पंधरा किंवा अधिक झाले की तिथे जास्त पिणं धरतात. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमचं एक युनिट असतं. त्या मापानं हेच तेवीस युनिट होतात, आणि तिथला सल्ला चौदाच्या वर जाऊ नका असा आहे. म्हणजे दारू तीच, आठवडा तोच, एका देशात माणूस रेषेच्या अलीकडे आणि दुसऱ्या देशात बराच पलीकडे. इंटरनेटवर पाहून ‘मी आठवड्याला तेरा ड्रिंक घेतो, म्हणजे ठीक आहे’ असं कोणी डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगू शकतो, आणि ते ऐकून डॉक्टरांना काहीच नक्की कळणार नाही. म्हणून ड्रिंक, युनिट, पेग हे शब्द वापरूच नयेत. बाटली कोणती, किती मिलीची, किती टक्क्यांची आणि किती दिवसांत संपते, एवढं सांगावं. ग्रॅम काढायचे ते डॉक्टर काढतील.

यापेक्षाही मोठा पेच विश्वासाचा आहे. रुग्ण दारूचं प्रमाण कमी सांगतात, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं, आणि अनेक जण सांगितलेला आकडा मनातल्या मनात दुप्पट करतात. ही वृत्ती निराधारही नाही. अनेक देशांत लोकांना विचारून केलेली बेरीज आणि दारूची प्रत्यक्ष विक्री ताडून पाहिली, तर लोकांनी सांगितलेलं विक्रीच्या निम्म्याच्या आसपासच भरतं. आता यात प्रामाणिक माणसाचं काय होतं ते पाहा. निम्मं सांगणाऱ्याचा आकडा दुप्पट झाला की तो बरोबर ठरतो. पूर्ण सांगणाऱ्याचा दुप्पट झाला की तो दुप्पट बेवडा ठरतो. सगळे कमी सांगतात म्हणून ऐकणारे वाढवतात, आणि ऐकणारे वाढवतात म्हणून कमी सांगणं शहाणपणाचं ठरतं. या व्यवहारात खरं बोलणारा एकटाच तोट्यात जातो.

मला वाटतं प्रामाणिकपणाबद्दलचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. आपल्याकडे तो मनाचा गुण समजला जातो. मन स्वच्छ असलं की शब्द खरे येतात, आणि ऐकणाऱ्यानं ते मानावेत. पण जिथे ऐकणाऱ्याकडे शंका घेण्याचं सबळ कारण आहे, तिथे स्वच्छ मनानं सांगितलेला आकडा आणि लबाडीनं सांगितलेला आकडा दिसायला सारखेच असतात. ‘विश्वास ठेवा’ ही विनंती दोघेही करतात. फरक एकच गोष्ट करू शकते: आकडा कसा काढला, हे सोबत सांगणं. ‘आठवड्याला २५० मिली’ यापेक्षा ‘१२ आठवड्यांत ७५० मिलीच्या चार बाटल्या, बिलांवरून’ हे वेगळ्या जातीचं विधान आहे. पहिल्याला दुप्पट करता येतं. दुसऱ्याला करायला गेलं तर आठ बाटल्या कुठून आल्या, हे विचारावं लागेल. अशा ठिकाणी खरं बोलणं म्हणजे समोरच्याला आपल्यावर विश्वास ठेवण्याची गरजच कमी करून देणं. ते मनाच्या गुणापेक्षा हिशेबनीस माणसाच्या कामाच्या जवळचं आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दादानं शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

‘नमस्कार मॅडम. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतली आहे. वय ३४. बीपी १५०/९६ आणि एसजीपीटी, जीजीटी वाढलेले आहेत, रिपोर्ट सोबत आणतो. दारूबद्दल: बुधवारी एक स्ट्राँग बिअर (६५० मिली, ८ टक्के), शनिवारी व्हिस्कीची एक क्वार्टर, रविवारी घरी सुमारे १५० मिली व्हिस्की. याशिवाय झोप येत नाही म्हणून आठवड्यातून दोन रात्री ५० मिलीच्या आसपास, एकटा असताना. हे गेल्या १२ आठवड्यांच्या बिलांवरून काढलं आहे, घरचा पेग मोजून पाहिला आहे. भरीत पार्टी किंवा लग्न असेल तर एका दिवशी दीड क्वार्टरपर्यंत जाते, महिन्यातून एकदा. सकाळी कधी घेतलेली नाही. श्रावणात पूर्ण बंद होती. हात थरथरणं, घाम, झटके असं काही झालं नाही, पण पहिले सात-आठ दिवस झोप फार कमी होती. झोपेची गोळी घेत नाही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, आठवड्यातून एक-दोन. वडिलांना बीपी आहे. झोपेच्या दारूबद्दल घरी माहीत नाही. कृपया हे माझ्याशी एकट्याशी बोलावं.’

यातल्या श्रावणाच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती आपल्याच भागात लिहिली जाऊ शकते. खूप दिवस रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होऊ शकतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘उद्यापासून बंद करा’ हा सल्ला कोणाला द्यायचा आणि कोणाला आधी औषध द्यायचं, हे डॉक्टरांना ठरवावं लागतं. गटारी अमावास्येनंतर महिनाभर बंद ठेवणाऱ्या माणसाला त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काय झालं, हे त्यांच्यासाठी घरबसल्या झालेल्या चाचणीइतकं उपयोगी असतं. पण आपण श्रावणाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी करतो. ‘श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ असं स्वतःला प्रमाणपत्र देतो. श्रावणानं एवढंच सिद्ध होतं की शरीर दारूवाचून आडून बसलेलं नाही. उरलेल्या अकरा महिन्यांत बीपी आणि यकृत यांचं काय होतं, याबद्दल तो काही सांगत नाही.

मजकुरातली शेवटची दोन वाक्यं लिहायला दादाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. फॅमिली डॉक्टर हा शब्दच अवघड आहे. ते डॉक्टर तुमचे असतात, तसे तुमच्या आईचे, बायकोचे आणि वडिलांचेही असतात. बऱ्याच दवाखान्यांत केबिनचं दार उघडंच असतं, पुढचा रुग्ण आतल्या बाकावर बसलेला असतो, आणि सोबत आलेली व्यक्तीच प्रश्नांची उत्तरं देते. तिथे ‘किती घेता?’ या प्रश्नाला खरं उत्तर देणं म्हणजे चारजणांना एकदम सांगणं. आधी लिहून पाठवण्याचा खरा फायदा हा आहे, की कोणाला सांगायचं ते निवडता येतं. पण दवाखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर बहुतेक वेळा कंपाउंडरच्या हातातल्या फोनवर असतो. म्हणून दादानं आधी फोन करून विचारलं, की या नंबरवरचं कोण वाचतं? कंपाउंडर वाचतो, असं कळल्यावर त्यानं मॅडमचा स्वतःचा नंबर मागून घेतला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत रुग्णाची गुपितं जपण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. न्यायालयाचा आदेश किंवा कोणाच्या जिवाला गंभीर धोका, असे मोजके अपवाद आहेत, आणि ‘वडिलांनी विचारलं’ हा त्यांत नाही. तरीही ते वाक्य लिहावं. नियम असणं आणि डॉक्टरांना या विशिष्ट गोष्टीची आठवण असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

इथे एक आक्षेप येतो. घरच्यांपासून लपवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, हा कसला प्रामाणिकपणा? मला हा आक्षेप पटत नाही. प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाला देणं लागत नाही. ज्याला त्या माहितीवर निर्णय घ्यायचा आहे, त्याचा तिच्यावर पहिला हक्क आहे. वहिनीचाही हक्क आहे, असं मला वाटतं, कारण त्या तुटलेल्या झोपेचा तिच्या घरावर परिणाम होतो. पण तो हक्क दादानं स्वतःच्या तोंडानं पुरा करायचा आहे. तो डॉक्टरांनी केबिनमध्ये परस्पर पुरा केला, तर दादा पुन्हा कोणत्याच डॉक्टरला खरं सांगणार नाही.

विम्याची भीतीही खरी आहे. केसपेपरवर दारू लिहिली गेली तर पुढे दावा अडेल, असं लोक म्हणतात, आणि असे वाद होतातही. पण पॉलिसी घेतानाच्या अर्जात हा प्रश्न विचारलेला असतो, आणि तिथे लपवलेलं नंतर उघड झालं तर दावा अधिकच अडतो. या भीतीचं उत्तर डॉक्टरांशी खोटं बोलण्यात नाही.

गुरुवारी मॅडमनी मजकूर वाचलेला होता. दुप्पट वगैरे काही केलं नाही. पहिला प्रश्न झोपेचा विचारला, कधीपासून लागत नाही? बीपी त्यांनी दोनदा मोजलं आणि घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायला सांगितलं. श्रावणाचा अनुभव पाहता दारू चार आठवडे पूर्ण बंद ठेवायला हरकत नाही, म्हणाल्या, आणि तपासण्या सहा आठवड्यांनी पुन्हा करायच्या ठरल्या, कारण दारू थांबल्यावर जीजीटी उतरायला काही आठवडे जातात. गोळीचा निर्णय त्यानंतर. दादानं झोपेची गोळी मागितली, ती त्यांनी दिली नाही. दारू आणि झोपेची गोळी एकत्र आली तर श्वास मंदावू शकतो. हा निर्णय घेता आला तो मध्यरात्रीच्या ५० मिलीची ओळ मजकुरात होती म्हणून. पहिल्या मजकुरावरून ती गोळी कदाचित मिळालीही असती.

दादानं निघताना मॅडमना विचारलं होतं, ‘मग मी नेमका काय म्हणायचो? बेवडा?’ मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पिणाऱ्यासाठी आपल्या बोलण्यात दोन टोकांचे शब्द आहेत. एकीकडे बेवडा, दारूडा. दुसरीकडे कधीतरी घेणारा. मधल्यासाठी शब्द नाही, आणि ज्याला बेवडा व्हायचं नाही तो आपोआप दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. वैद्यकात मात्र हा मधला माणूस नीट ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, तिच्यात ४०पैकी ८ गुणांपासून पुढे काळजीचं पिणं धरतात. गोव्यात संगात या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांपैकी १२ ते १९ गुणांचे, म्हणजे अगदी या मधल्या पट्ट्यातले पुरुष निवडून एक प्रयोग केला. त्यांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार वेळा भेटायचं, एवढाच उपचार. निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी ८च्या खाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होतं, आणि न मिळालेल्यांत २६. चमत्कार नाही. जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण फारसं घटलंही नाही. पण मधला माणूस चार भेटींत हलू शकतो, एवढं त्यातून दिसलं. अट एकच, तो मधला आहे हे कोणाला तरी कळलं पाहिजे. आणि ती यादीही शेवटी त्यालाच विचारून भरायची असते.

मॅडमनी दादाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. केसपेपरवर त्यांनी विशेषण लिहिलं नाही, आठवड्याला सुमारे १९० ग्रॅम, त्यातली काही झोपेसाठी, असं लिहिलं. दादाला आधी ते फार कोरडं वाटलं. मला ते त्या कागदावरचं सगळ्यांत दयाळू वाक्य वाटतं. विशेषण माणसाला चिकटून राहतं. आकडा पुढच्या भेटीत बदलू शकतो.